इन्व्हर्टरची वायफाय स्टिक २.४ शिवाय ऐकत नाही, राऊटरवर मात्र एकच नाव दिसतं. काय करावं? (बडोदे)

मांजलपूरकर · शनिवार सकाळ

नमस्कार मंडळी. घरावर ३ किलोवॉटचं सोलर आहे, इन्व्हर्टर जिन्याच्या वरच्या खोलीत भिंतीवर बसवलाय. त्याच्या खाली जी बोटभर लांबीची वायफाय स्टिक असते ती जुन्या राऊटरला नीट जोडलेली होती. आता फायबर घेतलं, कंपनीच्या माणसानं नवा राऊटर लावून दिला आणि जुना काढला. तेव्हापासून ॲपमध्ये इन्व्हर्टर ऑफलाइन दाखवतोय.

परत जोडायला गेलो की ॲप घरच्या वायफायचं नाव आपोआप उचलतं आणि लगेच लाल अक्षरांत सांगतं की 5G वायफाय चालत नाही, 2.4G ला जोडा. पण माझ्या घरात वायफायचं नाव एकच आहे! दुसरं काही निवडायला दिसतच नाही. बसवणाऱ्याला फोन केला तर तो म्हणतो राऊटर बदला, नाहीतर सिमवाली स्टिक विकत घ्या. राऊटर अगदी नवा असताना तो का बदलायचा?

बाबा रोज संध्याकाळी किती युनिट झाले ते वहीत लिहून ठेवतात. गच्चीपर्यंतचा जिना चढणं त्यांना आता झेपत नाही, म्हणून हे ॲप आमच्या घरात खरंच गरजेचं आहे. स्टिकवर तीन दिवे आहेत, त्यातला NET लुकलुकतोय, बाकीचे दोन स्थिर आहेत.

वाघोडियारोडचे_अण्णा

माझ्या मते फोनच्या सेटिंगमध्ये नेटवर्क 5G वरून 4G वर आणा. बडोद्यात मोबाइलचं 5G आल्यापासून बऱ्याच ॲपना हा त्रास होतोय. माझ्या फोनवर बँकेचं ॲप असंच अडायचं, सिम 4G वर ठेवलं आणि सुरळीत झालं.

मांजलपूरकर

अण्णा, तेही करून पाहिलं, फरक पडला नाही. मोबाइल डेटा पूर्ण बंद ठेवला तरी तोच संदेश येतो.

कमिशनिंगवाला

अण्णा, ॲपमधल्या 5G चा सिमशी संबंध नाही. तिथे त्यांना ५ गिगाहर्ट्झचं वायफाय म्हणायचंय. ॲप लिहिणाऱ्यांनी तोच शब्द वापरल्यामुळे पुष्कळ लोक सिमच्या सेटिंगमध्ये जाऊन शोधत बसतात.

मांजलपूरकर, माझं कामच इन्व्हर्टर चालू करून द्यायचं आहे, त्यामुळे हा प्रकार फार वेळा पाहिलाय. तुमच्याकडे दोन अडचणी एकात एक मिसळल्या आहेत, त्या आधी सुट्या करू.

पहिली गोष्ट, स्टिकच्या आतली वायफायची चिप फक्त २.४ चं ऐकते. ५ चं नेटवर्क तिला दिसतच नाही. इतक्या छोट्या वस्तूला दर पाच मिनिटांनी चार आकडे पाठवायचे असतात, त्याला २.४ भरपूर पुरतं आणि ते स्लॅबमधूनही जास्त लांब पोचतं. म्हणजे स्टिकमध्ये बिघाड नाही.

दुसरी गोष्ट, तुम्हाला अडवतंय ते ॲप, आणि ते बघतंय तुमच्या फोनकडे. तुमचा राऊटर दोन्ही बँड एकाच नावानं सोडतो आणि कोणाला कुठे बसवायचं ते स्वतः ठरवतो. राऊटरच्या पानावर याला Smart Connect किंवा Band Steering असं काहीतरी म्हटलेलं असेल. फोन नवा असेल तर राऊटर त्याला ५ वर बसवतो. ॲप फोन कुठे बसलाय ते पाहतं आणि 'हे 5G आहे' म्हणून थांबतं. खरं तर त्याच नावाचं २.४ तिथे शेजारीच चालू असतं आणि स्टिक त्याला आरामात जोडली जाऊ शकते.

आता एवढं सांगा. ॲन्ड्रॉइड फोन असेल तर वायफायच्या नावावर दाबून तपशील उघडा, तिथे Frequency समोर काय दिसतं? आणि राऊटरच्या सेटिंगच्या पानाचा पासवर्ड तुमच्याकडे आहे का?

नीलिमा_दांडियाबाजार

एवढं लांबण लावायची गरज नाही. आमच्या वाड्यातही हेच झालं होतं. राऊटरमध्ये जाऊन ५ गिगाहर्ट्झ बंद करून टाका, स्टिक जोडा, झालं. आम्ही ते तसंच बंद ठेवलंय, काही बिघडत नाही.

कमिशनिंगवाला

नीलिमाताई, स्टिक त्यानं जोडली जाते हे खरं आहे. पण ५ कायमचं बंद ठेवायचं काही कारण नाही. दांडिया बाजारात घरं भिंतीला भिंत लावून आहेत, तिथे २.४ वर शेजारपाजारच्या वीस-पंचवीस राऊटरची गर्दी असते. घरातले सगळे फोन आणि टीव्ही त्याच गर्दीत ढकलले की संध्याकाळी व्हिडिओ अडकायला लागतो आणि दोष फायबरला दिला जातो. स्टिक एकदा जोडली गेली की ५ परत चालू करा. स्टिकला ते दिसतच नाही, तिला काही फरक पडणार नाही.

नीलिमा_दांडियाबाजार

खरंच? संध्याकाळी मुलाचा क्लास अडकतो तो यामुळेच असेल. आज चालू करून बघते.

मांजलपूरकर

Frequency समोर 5 GHz दिसतंय. राऊटरच्या मागे चिकटवलेल्या लेबलवर पासवर्ड आहे, त्यानं पान उघडलं. Smart Connect चं बटण सापडलं, चालू आहे.

कमिशनिंगवाला

मग अर्धं काम झालं. आता एक गोष्ट नीट वाचा, इथेच बरेच जण पुढचा घोळ घालून ठेवतात.

Smart Connect बंद केलं की राऊटर दोन नावं विचारेल. बहुतेक लोक जुनं नाव ५ ला ठेवतात आणि २.४ ला मागे `_2G` असं काही जोडतात. तुम्ही उलटं करा. घरचं जुनं नाव आणि जुना पासवर्ड २.४ ला जसाच्या तसा ठेवा, आणि नवं नाव ५ ला द्या. स्टिक फक्त नाव आणि पासवर्ड लक्षात ठेवते. उद्या तुम्हाला दोन्ही बँड परत एका नावाखाली आणायचे झाले तर ५ चं नाव बदललं की पुरे, स्टिकला हात लावावा लागणार नाही. २.४ चं नाव बदललंत तर जोडाजोडी पुन्हा पहिल्यापासून.

आणि हे दिवसा करा. बॅटरी नसलेला साधा इन्व्हर्टर सूर्य मावळला की झोपतो, त्याच्याबरोबर स्टिकही बंद होते.

कारेलीबाग_संजीव

अरे, म्हणून होय! मी ऑफिसातून आल्यावर रात्री आठला गच्चीवर जायचो. स्टिकचा एकही दिवा लागलेला नसायचा, मला वाटलं जळाली. बदलून द्या म्हणून तक्रारसुद्धा केली आहे.

कमिशनिंगवाला

संजीव, रविवारी सकाळी दहाच्या सुमारास बघा. दिवे लागले तर तक्रार मागे घ्या. भर उन्हात इन्व्हर्टर चालू असताना स्टिकचे दिवे बंद असतील तरच ती संशयास्पद.

मेघना_गोत्री

विषय निघालाच आहे तर विचारते. आमचं ॲप व्यवस्थित चालतं, पण त्यातले युनिट आणि एमजीव्हीसीएलच्या बिलावरचे युनिट कधीच जुळत नाहीत. ॲपमध्ये नेहमी जास्त असतात. ही पण स्टिकचीच गडबड असेल का? वायफायमधून आकडे चुकीचे जात असतील तर?

कमिशनिंगवाला

नाही मेघनाताई, दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. स्टिक इन्व्हर्टरनं किती वीज तयार केली ते सांगते. रस्त्याकडच्या नेट मीटरला त्यातली फक्त उरलेली वीज दिसते. समजा दिवसभरात १२ युनिट तयार झाले आणि त्याच वेळात तुमचा फ्रिज, पंखे, पाण्याची मोटर यांनी ५ वापरले, तर मीटरमध्ये बाहेर गेलेले म्हणून ७ च नोंदले जातील. ते ५ बिलावर कुठेच दिसणार नाहीत, पण तेवढे तुम्ही विकत घेतले नाहीत. वायफायमुळे आकडा बदलत नाही. वायफाय तुटलं तर आलेख मध्येच रिकामा राहतो, इतकंच.

हे मांजलपूरकरांच्या बाबांसाठीही. ॲप बंद आहे म्हणून वीज बनायची थांबलेली नाही. इन्व्हर्टर आजचे आणि एकूण युनिट स्वतःकडे साठवतो. स्क्रीन असेल तर बटण दाबत गेलं की E-Today आणि E-Total दिसतील. आज एकूण आकडा लिहून ठेवा आणि ॲप सुरू झाल्यावर ताडून बघा, मधल्या दिवसांचे युनिट त्यात आलेले असतील. दिवसवार आलेख मात्र भरून निघेलच असं नाही. काही स्टिक मधला डेटा साठवून नंतर पाठवतात, काही नाही पाठवत.

मांजलपूरकर · रविवार सकाळ

बाबांना सांगितलं, ते एकूण आकडा घेऊन समाधानी आहेत.

आता पुढचं. तुम्ही म्हणालात तसं केलं. जुनं नाव २.४ ला, नवं नाव ५ ला. फोनमध्ये Frequency 2.4 GHz दिसली. ॲपनं या वेळी लाल संदेश दिला नाही, पासवर्ड घेतला, गोल फिरत राहिलं आणि शेवटी 'जोडता आलं नाही'. इन्व्हर्टरजवळ उभा राहूनच केलं, तरी तेच.

प्रफुल्ल_इलेक्ट्रिक

सिग्नलचा प्रश्न आहे. दोन स्लॅब मध्ये आहेत ना? एक्सटेंडर आणून जिन्यात लावा.

कमिशनिंगवाला

प्रफुल्लभाई, असू शकेल. पण पैसे घालण्याआधी खात्री करून घेऊ. ॲपचा 'जोडता आलं नाही' हा संदेश चुकीच्या पासवर्डलाही तोच असतो, कमजोर सिग्नललाही तोच आणि सुरक्षेच्या सेटिंगलाही तोच. म्हणून ॲप बाजूला ठेवा आणि थेट स्टिकला विचारा.

बऱ्याच स्टिक स्वतःचं एक छोटं वायफाय सोडतात, नाव `AP_` नं सुरू होतं आणि पुढे स्टिकवर छापलेला नंबर असतो. फोन त्याला जोडा. पासवर्ड मागितला तर तो स्टिकच्याच लेबलवर असतो. फोन म्हणेल की या वायफायवर इंटरनेट नाही, तरी जोडलेलंच राहू द्या. आणि मोबाइल डेटा बंद करा, नाहीतर फोन स्टिककडे न जाता सिमवरून बाहेर शोधायला जातो आणि पान उघडत नाही. मग ब्राउझरमध्ये हे टाका:

```
http://10.10.100.254
```

नाव आणि पासवर्ड बहुतेक `admin` / `admin` असतं. हा पत्ता सगळ्याच स्टिकचा नाही, तुमच्या पुस्तिकेत वेगळा दिला असेल तर तो घ्या. आत गेल्यावर Wizard किंवा Wireless चं पान येईल, तिथे आसपासची नेटवर्क शोधायचं बटण असेल. ती यादी स्टिकला स्वतःला जे दिसतं त्याची आहे, म्हणून मी तिला सगळ्यात जास्त किंमत देतो. घरचं नाव त्या यादीत आहे का, आणि त्याच्यासमोर सिग्नलचा आकडा काय, ते सांगा.

मांजलपूरकर · रविवार दुपार

पान उघडलं! यादीत सात-आठ नावं आहेत, त्यात घरचं नाव आहे. त्याच्यासमोर RSSI 31 असं दिसतंय. शेजारच्या बंगल्याचं नाव 60 च्या वर आहे. ५ ला दिलेलं नवं नाव यादीत अजिबात नाही, तुम्ही सांगितलं तसंच.

यादीतून घरचं नाव निवडून पासवर्ड टाकला, स्टिक रिस्टार्ट झाली, NET लुकलुकतच राहिला.

प्रफुल्ल_इलेक्ट्रिक

बघा, 31. मी म्हणालो होतो.

कमिशनिंगवाला

31 कमी आहे हे मान्य. त्याच्याकडे नंतर यावंच लागेल. पण 31 वर जोडणी तुटत-तुटत का होईना पण होते, अजिबातच नाही असं सहसा होत नाही. म्हणून एक चाचणी करा.

घरातला दुसरा फोन घ्या, त्यावर हॉटस्पॉट चालू करा आणि हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड 2.4 GHz निवडा. आयफोन असेल तर तिथे Maximize Compatibility चालू करायचं, तेच काम होतं. नाव आणि पासवर्ड साधी इंग्रजी अक्षरं आणि आकडे, मध्ये जागा नको. तो फोन इन्व्हर्टरशेजारी ठेवा आणि स्टिकच्या पानावरून त्याला जोडून बघा.

NET स्थिर झाला तर स्टिक, इन्व्हर्टर आणि कंपनीचा सर्व्हर सगळं ठीक, दोष राऊटरच्या सेटिंगमध्ये किंवा अंतरात. नाही झाला तर स्टिकमध्ये.

मांजलपूरकर

जोडलं गेलं. NET स्थिर. थोड्या वेळानं ॲपमध्ये इन्व्हर्टर ऑनलाइन आला आणि आजचा आलेखही दिसायला लागला. बाबांना फोन दाखवला.

कमिशनिंगवाला

छान. आता राऊटरच्या पानावर २.४ च्या Security समोर काय आहे ते वाचून सांगा.

मांजलपूरकर

WPA2/WPA3 असं मिश्र आहे.

कमिशनिंगवाला

मला तोच संशय होता. कागदोपत्री मिश्र म्हणजे जुन्यालाही चालेल, नव्यालाही. प्रत्यक्षात काही जुन्या चिपा त्या मिश्र घोषणेवरच अडखळतात. फक्त २.४ साठी WPA2-PSK आणि AES निवडा. ५ वर WPA3 राहू द्या, तुमचे फोन तिथेच आहेत. पासवर्ड लांब असेल तर WPA2 घराला पुरेसं आहे. WEP किंवा Open वर मात्र कोणी सांगितलं तरी जाऊ नका.

शक्य असेल तर २.४ चं चॅनल Auto वरून काढून १, ६ किंवा ११ ठेवा आणि रुंदी 20 MHz. Auto वर राऊटर कधी कधी १२-१३ वर जाऊन बसतो आणि काही स्टिकना ते चॅनल दिसतच नाहीत. तुमचं नाव यादीत आलं म्हणजे आत्ता तसं नाही, पण उद्या होऊ शकतं.

मांजलपूरकर · रविवार संध्याकाळी चारला

WPA2 केलं, चॅनल ६ केलं. `AP_` वरून पुन्हा घरचं नाव आणि पासवर्ड दिला. पान मध्येच अडकलं, फोन `AP_` वरून बाहेर फेकला गेला आणि परत जोडलाच जाईना. पण NET चा दिवा स्थिर आहे! हे झालं की नाही झालं?

कमिशनिंगवाला

झालं. स्टिकमध्ये रेडिओ एकच असतो. ती तुमच्या राऊटरच्या चॅनल ६ वर गेली तेव्हा तिचं स्वतःचं `AP_` सुद्धा त्याच चॅनलवर सरकलं आणि तुमचा फोन मागे राहिला. ॲपमधून करताना नेमक्या याच क्षणी ॲप 'फेल' म्हणतं आणि लोक स्टिक रीसेट करून जमलेलं काम मोडतात. शेवटचा शब्द दिव्याचा धरा. NET स्थिर झाल्यावर दहा मिनिटं काही करू नका, मग ॲप उघडा.

मांजलपूरकर

ॲप ऑनलाइन! मनापासून आभार. राऊटर बदलायला सांगणाऱ्यालाही ही लिंक पाठवतो, त्याच्या पुढच्या गिऱ्हाइकाचे पैसे वाचतील.

राजमहलरोड_हेमा

मी गप्प राहून सगळं वाचत होते. आमच्याकडे फायबर कंपनीच्या राऊटरवर Smart Connect बंद करायचं बटणच नाही. त्यांच्या ॲपमध्ये फक्त नाव आणि पासवर्ड बदलता येतो. आम्ही काय करावं?

कमिशनिंगवाला

हेमाताई, दोन वाटा. Guest नेटवर्क चालू करता येतं का बघा. बऱ्याच राऊटरवर ते फक्त २.४ वर ठेवता येतं. पाहुण्यांच्या नेटवर्कवरून घरातली बाकी उपकरणं दिसत नाहीत, पण स्टिकला त्यांची गरजच नाही, तिला फक्त बाहेर इंटरनेट हवं. मला तर ही व्यवस्था जास्त आवडते, कारण स्टिकचा पासवर्ड सहसा `admin` च राहिलेला असतो आणि ती तुमच्या लॅपटॉपपासून लांब राहते. तो पासवर्डही पानावर जाऊन बदला, सगळ्यांनीच. फक्त पाहुण्यांच्या नेटवर्कला काही तासांनी आपोआप बंद व्हायची वेळ लावलेली नाही ना, ते तपासा.

तेही नसेल तर फोन घेऊन राऊटरपासून इतकं लांब जा की ५ तुटेल. गच्चीच्या टोकाला पाण्याच्या टाकीमागे वगैरे. ५ स्लॅब-भिंतींमधून लवकर विरतं, मग फोन आपणहून त्याच नावाच्या २.४ वर येतो. Frequency मध्ये 2.4 दिसलं की तिथूनच ॲपमध्ये जोडणी सुरू करा.

राजमहलरोड_हेमा

टाकीमागून जमलं! फोन 2.4 वर आला आणि ॲपनं मुकाट्यानं पासवर्ड घेतला. Guest चं बटण आमच्याकडे नव्हतंच.

वाघोडियारोडचे_अण्णा

माझा मुलगा म्हणतो की ॲपला Location ची परवानगी द्यावी लागते, नाहीतर त्याला वायफायचं नाव दिसत नाही. हे खरं का? उगाच कशाला द्यायची म्हणून मी दिली नव्हती.

कमिशनिंगवाला

खरं आहे अण्णा. ॲन्ड्रॉइडमध्ये ॲपला वायफायचं नाव वाचायचं असेल तर लोकेशनची परवानगी लागते आणि फोनचं लोकेशनही चालू असावं लागतं. 'ॲप वापरत असताना' एवढीच द्या, जोडणी झाली की काढून घ्या. आयफोनवर Local Network ची परवानगी विचारतात, ती नाकारली तरी ॲपला स्टिक सापडत नाही.

मांजलपूरकर · पुढच्या शनिवारी

खबर द्यायला आलो. आठवडाभर चाललं, पण आलेखात मध्ये मध्ये खिंडारं आहेत. सकाळी जिन्याचं लोखंडी दार बंद असतं तेव्हा जास्त. म्हणजे प्रफुल्लभाईंचा सिग्नलचा मुद्दा शेवटी आलाच.

प्रफुल्ल_इलेक्ट्रिक

मग आता तरी एक्सटेंडर घ्या.

कमिशनिंगवाला

प्रफुल्लभाईंचं निदान बरोबर आहे. पण मांजलपूरकर, तुमचा जुना राऊटर घरात पडून आहे ना? वरच्या मजल्यावर लॅनची तार गेलेली आहे का?

मांजलपूरकर

हो, वरच्या बेडरूममध्ये कॉम्प्युटरसाठी ओढलेली आहे. जुना राऊटर कपाटात आहे.

कमिशनिंगवाला

मग खर्च शून्य. जुन्या राऊटरच्या पानावर Access Point मोड असेल तर तो निवडा. नसेल तर त्याचं DHCP बंद करा, त्याचा पत्ता नव्या राऊटरच्याच मालिकेतला पण वेगळा द्या, आणि तार त्याच्या WAN मध्ये न लावता LAN च्या एखाद्या भोकात लावा. उदाहरणार्थ नवा `192.168.1.1` वर असेल तर जुना `192.168.1.2`. त्यावर २.४ ला घरचंच नाव, तोच पासवर्ड, WPA2, पण चॅनल १ किंवा ११. स्टिक बंद-चालू झाली की तेच नाव जवळून ऐकेल आणि तिकडे बसेल, तिच्यात काही बदलावं लागणार नाही.

मांजलपूरकर · रविवार

केलं. स्टिकच्या पानावर आता घरचं नाव दोनदा दिसतं, चॅनल ६ वर 31 च्या आसपास आणि चॅनल ११ वर 74. आज दिवसभराच्या आलेखात एकही खंड नाही. बाबांच्या वहीतला आणि ॲपमधला आकडा जुळला.

कारेलीबाग_संजीव

माझेही दिवे सकाळी लागले, तक्रार मागे घेतली. पण एक विचारायचंय. माझ्याकडे तीन डब्यांचं मेश आहे. स्टिक गच्चीजवळच्या डब्याला सोडून हॉलमधल्या लांबच्या डब्यालाच चिकटून बसते. इन्व्हर्टर रोज सकाळी उठतो तेव्हा कधी इकडे, कधी तिकडे.

कमिशनिंगवाला

उठल्यावर तिला जो आधी ऐकू येतो त्याला ती धरते असं माझं निरीक्षण आहे, आणि एकदा धरलं की सोडत नाही. काही मेशमध्ये एखाद्या उपकरणाला ठरावीक डब्याला बांधून ठेवता येतं, त्यांच्या ॲपमध्ये उपकरणाच्या नावावर जाऊन बघा. ती सोय नसेल तर माझ्याकडे खात्रीचा उपाय नाही. कोणी केलं असेल तर लिहा.

राजमहलरोड_हेमा

मलाही एक शंका आहे. कंपनी रात्री राऊटर आपणहून अपडेट करते. त्यानंतर सुरक्षेची सेटिंग परत मिश्र झाली तर?

मांजलपूरकर

हेमाताई, माझ्याकडे ते पान उघडतं म्हणून अपडेट झाल्यावर मी तपासणार आहे. तुमच्या ॲपमध्ये ते दिसतच नसेल तर घरात पडलेला एखादा जुना राऊटर माझ्यासारखा तारेनं जोडून स्टिक कायमची त्याच्यावर ठेवा. त्याच्या सेटिंगला कंपनी हात लावू शकत नाही.

राजमहलरोड_हेमा

तार वर नेलेली नाही, ती ओढायचा खर्च विचारून बघते. प्रफुल्लभाई, तुम्ही राजमहल रोडला येता का?

प्रफुल्ल_इलेक्ट्रिक

येतो. गुरुवारी सकाळी चालेल. आधी इन्व्हर्टरपाशी उभं राहून खालच्या राऊटरचा सिग्नल किती दिसतो ते स्टिकच्या पानावर बघून ठेवा. 50 च्या वर असेल तर तार ओढायची घाई नको.